पतीचा दाखला

'पत' या शब्दाला षष्ठीचा प्रत्यय लावला की 'पतीचा' असं रूप होतं. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात वावगं काही नाही, पण संसाराच्या दृष्टीने आहे. आमच्या मुलुंड पूर्वेच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या अण्णांनी एका सकाळी जिन्यात उभं राहून, "माझ्या पतीचा दाखला आला! 782!" अशी घोषणा केली, तेव्हा काकू आतून म्हणाल्या, "माझ्या पतीचा दाखला मला विचारा. इतके मार्क मी दिले नसते."

अण्णा म्हणजे म्युनिसिपालिटीच्या पाणीखात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. आयुष्यभर लोकांची मीटरं वाचली; आता त्यांचं मीटर कुणीतरी वाचून दाखवत होतं, याचा त्यांना कोण आनंद! गोष्ट 2025 सालच्या सप्टेंबरातली. मोबाइलवर विजेचं बिल भरता भरता एका ॲपने त्यांना विचारलं, 'तुमचा क्रेडिट स्कोअर जाणून घ्या, अगदी मोफत.' अण्णांना 'मोफत' हा शब्द दिसला की पुढची वाक्यं दिसत नाहीत. त्यांनी बोट टेकवलं, पॅन नंबर दिला, सहा आकडी ओटीपी आला तो घातला, आणि दोन सेकंदांत 782 आकडा हिरव्या कमानीत झळकू लागला. हे गुण 300 पासून सुरू होतात आणि 900 ला संपतात. नापासालासुद्धा पदरात 300 टाकणारी अशी उदार परीक्षा आमच्या वेळी असती, तर मीही गणितात कुठल्या कुठे गेलो असतो.

मी स्वतः एका बँकेच्या कर्जखात्यात एकतीस वर्षं घालवली. त्यातली पहिली काही वर्षं पत तपासायची म्हणजे अर्जदाराच्या घरी जाऊन पडदे बघायचे आणि खालच्या वाण्याकडे सहज काडेपेटी घेता घेता चौकशी करायची. वाणी दोन वाक्यांत माणूस निकालात काढी. पुढे 2000 साली सिबिल निघाली, 2005 साली पतमाहिती कंपन्यांचा कायदा झाला, आणि वाण्याची वही संगणकात गेली. आज अशा चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क. त्यांतल्या एकीच्या कागदांवर मी अंधेरी-घाटकोपर लिंक रोडचा पत्ता पाहिला आहे. म्हणजे मुलुंडच्या माणसाने हप्ता चुकवला की त्याचा बभ्रा अंधेरीला जाणार. लोकलने जायला आपल्याला घाटकोपरला उतरून मेट्रो पकडावी लागते, बातमीला लागत नाही.

तर अण्णांच्या आनंदाला साधारण दहा दिवस झाले असतील. मग फोन सुरू झाले. सकाळी देवपूजेच्या वेळी, दुपारी डोळा लागता लागता, संध्याकाळी बागेत. "सर, आपल्याला सव्वाचार लाखांचं कर्ज मंजूर आहे." अण्णांनी पहिल्या मुलीला, "बाळ, मी मागितलं कधी?" असं विचारलं. आठव्या मुलाला काय विचारलं ते इथे छापण्याजोगं नाही. ऑक्टोबर संपताना ॲपचा संदेश आला : 'अण्णा, तुमचा स्कोअर 9 ने घसरला. तुम्ही कार्डाच्या मर्यादेपैकी 61 टक्के रक्कम वापरली आहे.' अण्णांनी नवरात्रात कार्डावर फ्रिज घेतला होता. ही गोष्ट त्यांना, काकूंना आणि घाटकोपरच्या दुकानदाराला ठाऊक होती. चौथ्याला ती कशी कळली?

अण्णांनी संतापून ॲप काढून टाकलं. बोट दाबून धरलं, ते चित्र थरथरलं आणि नाहीसं झालं. "संपलं," ते म्हणाले. नोव्हेंबरच्या अखेरीस मेसेज आला, 'तुमचा नवा स्कोअर तयार आहे.' अण्णा फोन घेऊन माझ्याकडे आले आणि शनीची साडेसाती पत्रिकेबाहेरूनही लागते का, अशा चेहऱ्याने बघू लागले.

काकूंनी मात्र रोगाचं निदान तिथल्या तिथे केलं. "अहो, आपण मेमध्ये गावी गेलो तेव्हा दाराला कुलूप होतं. म्हणून पेपर यायचा थांबला का? आलो तेव्हा कडीत बावीस पेपर. पेपरवाल्याला जाऊन सांगावं लागतं."

आता याहून स्पष्ट मी तरी काय सांगणार? पण कागदाचा माणूस असल्यामुळे मला कागद बघितल्याशिवाय चैन पडेना. त्या ॲपच्या संकेतस्थळावर अटींचं पान शोधून काढलं. इंग्रजी कायदेशीर होतं. म्हणजे एका वाक्यात चार उपवाक्यं आणि प्रत्येकाच्या शेवटी 'अथवा अन्यथा'. त्याचा मराठी मतितार्थ असा : मी, म्हणजे अण्णा, या कंपनीला माझा अधिकृत प्रतिनिधी नेमतो. तिने माझ्या वतीने पतमाहिती कंपनीकडून माझा अहवाल वेळोवेळी आणावा, जवळ ठेवावा आणि मला योग्य ती कर्जं व कार्डं सुचवण्यासाठी वापरावा. पतमाहिती कंपनीलाही मी असा अहवाल देण्याचा आदेश देत आहे. ही संमती सहा महिने किंवा मी ती मागे घेईपर्यंत, यांतलं जे आधी होईल तोपर्यंत चालेल. शिवाय मी 'नको असलेल्या फोनां'च्या यादीत नाव घातलेलं असलं, तरी फोन आलेले मला चालतील.

"म्हणजे मुखत्यारपत्र झालं!" अण्णा ओरडले. "मी सही कधी केली?"

"ओटीपी घातलात ना, ती सही."

पूर्वी मुखत्यारपत्राला स्टँप पेपर लागे, दोन साक्षीदार लागत, रजिस्ट्रारच्या कचेरीत अर्धा दिवस ताटकळावं लागे. त्या अर्ध्या दिवसात माणसाला, आपण हे का करतो आहोत, असा विचार सुचायला वेळ मिळायचा. आता तो अर्धा दिवस काढून टाकला आहे. त्यालाच सोय म्हणतात.

आणि प्रतिनिधी घेऊन जातो तो नुसता आकडा नव्हे. आकडा ही कमान झाली, मागे आख्खं घर असतं. नाव, जन्मतारीख, पॅन, बँकांना आजवर दिलेले सगळे पत्ते आणि फोन, प्रत्येक कर्ज आणि कार्ड, त्यावरची बाकी, गेल्या तीन वर्षांत महिनावार हप्ता वेळेवर गेला की उशिरा, आणि कोणी कोणी कधी चौकशी केली. अण्णांच्या अहवालात त्यांचा लालबागच्या चाळीतला पत्ता होता. चाळ पडून तिथे टॉवर झाला. अहवालात ती अजून उभी आहे.

चौकशांच्या त्या यादीत मला 14 ऑक्टोबरच्या तारखेला एका कर्ज देणाऱ्या कंपनीचं नाव दिसलं. वैयक्तिक कर्ज, रक्कम 4,25,000. हे मात्र वेगळं प्रकरण, आणि इथेच पुष्कळ लोकांची गल्लत होते. आपण आपला अहवाल स्वतः पाहिला, किंवा आपल्या प्रतिनिधीने आपल्यासाठी आणला, तर गुण कमी होत नाहीत. आपली पत्रिका आपणच कपाटातून काढून बघण्यासारखं ते आहे. पण कर्ज देणारी संस्था अर्जावरून अहवाल मागवते, तेव्हा पत्रिका स्थळाकडे गेली असं समजायचं, आणि त्याची नोंद होते. पत्रिका एका महिन्यात सहा घरी गेली की सातवं घर विचारतं, 'इतक्या ठिकाणी गेली आणि जमलं नाही कुठे?' बँकांचंही तसंच आहे. लागोपाठच्या चौकशा दिसल्या की माणूस पैशांसाठी दारोदार फिरतो आहे असा अर्थ घेतात, आणि गुणही थोडे उतरू शकतात.

"मी अर्ज केलाच नव्हता," अण्णा म्हणाले. आम्ही त्यांचे जुने मेसेज उपसले. दागिन्यांच्या घडणावळीवरील सूट आणि गॅसचं बुकिंग यांच्यामध्ये 14 ऑक्टोबरचा संदेश सापडला : अमुक संस्थेने तुमचा पतअहवाल पाहिला आहे. रिझर्व्ह बँकेने 2023 च्या ऑक्टोबरात परिपत्रक काढून असा संदेश पाठवणं पतमाहिती कंपन्यांवर बंधनकारक केलं आणि 2024 च्या एप्रिलअखेर ते लागू झालं. कर्जवाल्याने अहवाल उघडला की मोबाइलवर किंवा ईमेलवर सूचना यायची. भुंकणारा कुत्रा सरकारने दिला आहे. आपण त्याला दागिन्यांच्या जाहिरातींत झोपवून ठेवतो.

त्याच दिवशी ॲपने अण्णांना विचारलं होतं, 'तुमची पात्रता पाहा.' अण्णांना वाटलं, ही आणखी एक परीक्षा. पहिलीत 782 मिळालेत, हिच्यातही मिळवू. त्यांनी 'पुढे' दाबलं, पुन्हा ओटीपी घातला. ती दुसरी सही. पहिलीने ॲप त्यांचं प्रतिनिधी झालं होतं, दुसरीने ते प्रतिनिधी अण्णांची पत्रिका घेऊन स्थळाकडे गेलं. म्हणून संमतीसुद्धा दोन ठिकाणांहून परत मागायची होती.

अण्णांचा पहिला विचार, ॲप पुन्हा घ्यावं आणि आत जाऊन 'बंद' हे बटण शोधावं. मी त्यांचा हात धरला. काढून टाकलेलं ॲप पुन्हा उघडताना तेच अटींचं पान बहुधा परत समोर येतं, आणि आत शिरण्यासाठी 'मान्य' दाबावं लागतं. संमती मागे घ्यायला गेलेला माणूस दारातच नवी संमती देऊन बसतो, आणि सहा महिने नव्याने मोजायला लागतात. ॲप फोनमध्ये असतानाच हे काम करायचं असेल, तर गोष्ट निराळी. 'प्रोफाइल' किंवा 'प्रायव्हसी' अशा पाटीखाली संमतीचं पान मिळालं तर तिथून ती काढावी, त्याचा स्क्रीनशॉट घ्यावा, आणि मगच ॲप काढावं. आमचं उलट झालं होतं, म्हणून पत्र.

पत्र म्हटल्यावर आम्ही दोघं तरुण झालो. ॲपच्या संकेतस्थळावर तळाशी, मुंगीच्या अक्षरांत, तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल असतं. अण्णांनी ॲपला दिलेल्या ईमेलवरूनच ते लिहिलं, म्हणजे 'तुम्ही कोण' हा प्रश्न नको. मजकूर मी सांगितला. अमुक मोबाइल क्रमांकावरून अमुक तारखेला दिलेली, माझा पतअहवाल आणण्याची आणि प्रतिनिधी म्हणून वागण्याची संमती मी आजपासून मागे घेत आहे. तुमच्याजवळ साठवलेला माझा अहवाल पुसून टाका. कायद्याने काही ठेवणं भाग असेल, तर काय आणि कोणत्या कायद्याने ते कळवा. माझी माहिती आणखी कोणाला दिली त्यांची नावं द्या आणि त्यांनाही पुसायला सांगा. फोन आणि मेसेज बंद करा. हे सर्व केल्याचं तारखेसह लेखी कळवा. अण्णांना खाली 'आपला आज्ञाधारक' लिहायचं होतं. चाळीस वर्षांची सवय. ते मी खोडलं.

या पत्राची एक प्रत अहवाल देणाऱ्या पतमाहिती कंपनीला धाडली, कारण तिलाही अण्णांच्या नावाने आदेश गेलेला होता. वेगळं पत्र 14 ऑक्टोबरवाल्या कर्जकंपनीला : मला कर्ज नको आहे, अर्ज रद्द समजावा, माझी माहिती पुसावी. हे मागण्याचा आधार भक्कम आहे. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांत, जे 2022 च्या सप्टेंबरात आले आणि 8 मे 2025 रोजी एकत्र करून नव्याने काढले गेले, ग्राहकाला संमती नाकारण्याचा, दिलेली मागे घेण्याचा आणि माहिती पुसायला लावण्याचा पर्याय दिलाच पाहिजे असं म्हटलेलं आहे. हे नियम कर्ज देणाऱ्यालाही आहेत आणि त्याच्यासाठी गिऱ्हाईक गोळा करणाऱ्या ॲपलाही.

पहिलं उत्तर दोन मिनिटांत आलं. ते यंत्राचं होतं आणि त्याने अण्णांना एक तिकीट क्रमांक दिला. अण्णा म्हणाले, "कुठलं तिकीट? परतीचं असेल तर बरं." तिसऱ्या दिवशी माणसाचं आलं : 'कृपया ॲप उघडून सेटिंग्जमध्ये जावे.' आम्ही उलट लिहिलं, ॲप उघडणार नाही, संमती या पत्रानेच मागे घेतली आहे, तीस दिवसांत निकाल न लागल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ. त्याचा पत्ता cms.rbi.org.in असा आहे. बँक वा कर्जकंपनी, किंवा तिचं ॲप, तीस दिवसांत दाद देत नसेल तर तिथे फुकट तक्रार करता येते. पतमाहिती कंपन्याही 2022 च्या सप्टेंबरापासून त्याच लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत. लोकपालाचं नाव घातल्यावर पत्राला जरा वजन आलं असावं. एकोणिसाव्या दिवशी उत्तर : संमती रद्द केली, अहवाल पुसला, संमती दिल्या-घेतल्याची नोंद तेवढी ठेवावी लागते, आणि माहिती आणखी दोन संस्थांना दिली होती, त्यांनाही कळवलं आहे. फोन लगेच थांबले नाहीत. पंधरा दिवस रेंगाळले आणि मग विरळ झाले, पावसाळा जातो तसे.

14 ऑक्टोबरची ती नोंद मात्र निघाली नाही, आणि निघणार नव्हती. संमती पुढच्यापुरती मागे घेता येते. ती असताना जे झालं ते खरंच झालेलं असतं. अण्णांनी 'पुढे' दाबलंच नसतं, ओटीपी दिलाच नसता, तर गोष्ट वेगळी होती. मग पतमाहिती कंपनीकडे 'ही चौकशी माझ्या संमतीशिवाय आहे' असा वाद नोंदवता आला असता. तो तीस दिवसांत सुटला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते. हे ऐकून अण्णांनी कागदावर महिन्याचे तीन हजार असा गुणाकार केला आणि आपण दाबलं होतं याचं त्यांना पहिल्यांदा खरं दुःख झालं.

आणखी एक दुःख त्यांच्या वाट्याला यायचं होतं. "मग आता त्या अंधेरीवाल्यांनाही लिहू, माझी सगळी वहीच पुसा म्हणून." ते होत नाही. बँकेने आपलं कर्ज आणि हप्ते पतमाहिती कंपन्यांना कळवायचे, हे कायद्याचं काम. तिथे आपली संमती उपटसुंभ ॲपसारखी मागे घेता येत नाही. त्या नोंदी कमीत कमी सात वर्षं ठेवल्या जातात. अण्णांनी क्षणभर विचार केला आणि आपल्या खात्याच्या भाषेत बरोबर बोलले, "म्हणजे मुख्य लाइन म्युनिसिपालिटीची, ती राहणार. मधेच कुणी जोडणी घेतली असेल, ती तोडायला अर्ज करायचा. मी नुसता नळ काढला होता."

हे सगळं सोपं होणार आहे, असं ऐकतो. 2023 च्या व्यक्तिगत माहितीच्या कायद्यात एक वाक्य आहे : संमती जितक्या सहज दिली, तितक्याच सहज ती मागे घेता आली पाहिजे. नियम 2025 च्या नोव्हेंबरात निघाले, आणि हा भाग त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे 2027 च्या मेमध्ये लागू व्हायचा आहे. द्यायला दोन सेकंद आणि काढायला एकोणीस दिवस हा हिशेब तेव्हा बसायला नको. "मेमध्ये आम्ही गावी असतो," काकू म्हणाल्या.

दरम्यान अण्णांचं कुतूहल काही गेलेलं नाही. आता त्यांना मी मधला माणूस सोडून थेट वहीकडे नेलं. चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा आख्खा अहवाल फुकट द्यायचा, हा नियम 2017 पासून आहे. त्यांच्या संकेतस्थळांवर दरमहा पैसे घेणाऱ्या योजना वर झगमगत असतात आणि फुकट अहवालाची ओळ खाली अंग चोरून असते, ती शोधावी लागते. तिथेही 'आकर्षक ऑफर्स पाठवा'चा चौकोन असतो, त्यातली खूण काढावी लागते. अण्णांनी जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर असे चार महिने चार कंपन्यांना वाटून दिले आणि कालनिर्णयावर गॅसच्या तारखेशेजारी लिहून ठेवले.

जानेवारीचा आला. त्यात अण्णांनी 2019 साली फेडलेलं टीव्हीचं कर्ज अजून चालू आहे आणि बाकी 312 रुपये. फेडल्याचं पत्र अण्णांकडे आहे; पाणीखात्याचा माणूस, पावती टाकत नाही. सोमवारी पत्र लिहायला बसायचं ठरलं आहे. काकूंनी चहाला येण्याचं निमंत्रण दिलं आहे आणि यावेळी 'आपला आज्ञाधारक' मी खोडू नये, अशी अण्णांची अट आहे.